हंगामाआधीची दहा मिनिटं: झोप, जेवण आणि पाण्याबद्दल कबड्डी संघाशी कसं बोलायचं

दिवाळी सरली, भात कापून झाला की आमच्या रायगडात मैदानं तयार व्हायला लागतात. रिकाम्या खाचरात माती चोपायची, पाणी मारायचं, फक्कीने रेषा आखायच्या, हॅलोजन लावायचे, की झालं क्रीडांगण. हल्ली बऱ्याच ठिकाणी मॅट असते, पण बाकी सगळं तेच. मग पावसाच्या तोंडापर्यंत शनिवार-रविवार कुठे ना कुठे स्पर्धा असतेच. हा लेख यंदा पहिल्यांदाच गावच्या किंवा वाडीच्या मंडळाचा कर्णधार झालेल्यांसाठी आहे. हंगामाआधी संघाशी एकदा बसून झोप, जेवण आणि पाणी यांवर बोलायचं असतं. ते बोलणं कसं तयार करायचं, कधी करायचं आणि त्यात नेमकं काय सांगायचं, हे मी सहा हंगामांच्या अनुभवातून लिहितो आहे.

पहिल्या वर्षी मी अर्धा तास बोललो होतो. लवकर झोपा, चांगलं खा, भरपूर पाणी प्या. पोरं मान हलवत होती आणि त्यातलं काहीच कुणी केलं नाही. त्याच हंगामात एका उपांत्य सामन्यात आम्ही मध्यंतराला चार गुणांनी पुढे होतो. उत्तरार्धात आमच्या डाव्या कोपऱ्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. मुख्य चढाईपटूचा तर चढाईत दमच तुटला. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना तोंड इतकं कोरडं पडलं होतं की जीभ टाळूला चिकटत होती. नंतर कळलं, संध्याकाळी सहाला वजन व्हायचं होतं म्हणून त्याने दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आणि ‘भरपूर पाणी प्या’ हे मी त्याला सांगितलेलं होतं! भरपूर म्हणजे किती, कधी, आणि वजन करायचं असेल तर काय, हे सांगितलेलं नव्हतं.

आधी आठवडाभर मोजा

बोलायच्या आधी एक वही आणि एक वजनकाटा घ्या. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल असावा आणि तो लादीवर ठेवावा. मातीवर किंवा मॅटवर ठेवला तर आकडा फसवतो. सरावाआधी लघवीला जाऊन आल्यावर, फक्त कोरड्या चड्डीवर वजन घ्या. सराव संपल्यावर अंग टॉवेलने नीट पुसून, घामाने भिजलेली चड्डी बदलून पुन्हा घ्या. मधे कोण किती पाणी प्यायला हे कळावं म्हणून प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा. उरलेलं पाणी बघितलं की प्यायलेलं कळतं.

हिशोब सोपा आहे. शरीराचं एक किलो वजन सरावात घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. दीड तासात चरबी इतकी जळत नाही. आमच्या वहीतला एक खेळाडू घेऊ. सरावाआधी तो ६४.२ किलो होता, नंतर ६२.९. म्हणजे १.३ किलो घटलं. मधे तो अर्धा लिटर पाणी प्यायला होता, म्हणजे त्याला एकूण घाम आला तो १.८ लिटर. घट त्याच्या वजनाच्या दोन टक्के होते. खेळाचे डॉक्टर बहुतेक ठिकाणी हीच रेषा धरतात. घट दोन टक्क्यांच्या वर गेली की दमसास आणि डोक्याची चपळाई उतरायला लागण्याची शक्यता वाढते. उन्हाळ्यात आणि दमट हवेत तर जास्तच. कोकणच्या हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम येतच राहतो.

प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. आमच्याकडे त्याच सरावात एकाचं वजन फक्त तीनशे ग्रॅमने घटलं होतं. म्हणून सगळ्यांना एकच ‘अमुक लिटर प्या’ सांगून उपयोग नाही. एकाला ते कमी पडतं, दुसऱ्याला जास्त होतं.

वहीत आणखी दोनच गोष्टी लिहा: रात्री किती वाजता झोपला आणि किती वाजता उठला, आणि सरावाआधी शेवटचं काय आणि कधी खाल्लं. याहून जास्त विचारलंत तर चौथ्या दिवशी कुणी सांगणार नाही. नावं फक्त तुमच्याजवळ ठेवा. वजनाचा आकडा चारचौघांत वाचून दाखवला की पोरं काट्यावर उभी राहायची बंद होतात.

कधी आणि कुठे बोलायचं

पहिल्या स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी. आदल्या दिवशी सांगितलेलं कुणाच्या अंगवळणी पडत नाही, आणि सामन्याच्या दिवशी नवीन काही खाऊन-पिऊन बघणं हेच धोक्याचं. जे करायचं ते आधी सरावात करून पोटाला झेपतं का ते पाहायचं.

सराव संपल्यावर बोलू नका, तेव्हा सगळ्यांचं लक्ष घरी असतं. सरावाआधी वजनं घ्या आणि लगेच मैदानातच गोल करून बसवा. आमच्याकडे निम्मी पोरं कंपनीत शिफ्टला आहेत, म्हणून आम्ही रविवारची संध्याकाळ धरतो. संघात अठराच्या आतली मुलं असतील तर त्यांच्या आई-वडिलांनाही बोलवा. आईला तर नक्कीच, कारण सामन्याच्या दिवशी साडेपाचला जेवण तयार हवं असेल तर ते तिला माहीत असायला हवं. एका मुलाच्या आईने मला सरळ विचारलं होतं, ‘दादा, हा नऊ वाजता येऊन जेवतो, मग मी कधी वाढू?’ त्या एका प्रश्नाने त्याची जेवणाची वेळ बदलली.

बोलणं

खाली मी गेल्या हंगामाआधी जे बोललो ते जवळपास तसंच देतो आहे. आकडे माझ्या संघाचे आहेत, तुम्ही तुमच्या वहीतले घाला.

‘बसा रे. बाटल्या घेऊन बसा. दहा मिनिटं बोलतो, मग सराव.

गेला आठवडा आपण वजनं केली. नाव घेत नाही, पण आपल्यातल्या एकाचं दीड तासात एक किलो तीनशे ग्रॅम घटलं. ते सगळं पाणी आहे. गेल्या वर्षी उत्तरार्धात आपण चार सामने घालवले आणि प्रत्येक वेळी म्हणालो, दमलो. त्यातलं थोडं दमणं फिटनेसचं असेल, पण थोडं याचं होतं. तीन गोष्टी सांगतो. तीनच करायच्या.

पहिली, पाणी. सामना आठचा असेल तर पाणी चारला सुरू होतं. चार वाजता स्टीलचे दोन पेले, म्हणजे चारशे मिली, सावकाश प्यायचे. सहाच्या सुमारास लघवीचा रंग बघायचा. पातळ लिंबू सरबतासारखा असेल तर झालं. गडद पिवळा असेल किंवा लघवी लागलीच नसेल, तर अजून एक-दीड पेला. सामना सुरू होताना पोट डचमळायला नको, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात फक्त घोट. सामन्यात टाइम-आऊट अर्ध्या मिनिटाचा असतो. तेवढ्यात दोन-तीन घोट होतात. मध्यंतराच्या पाच मिनिटांत नीट प्यायचं. पाणी द्यायचं काम राखीव खेळाडूंचं. बाटली हातात द्यायची, मागायची वाट बघायची नाही.

एका रात्री दोन-तीन सामने असतील तर नुसत्या पाण्यावर राहायचं नाही. मंडळाच्या बरणीत जलसंजीवनी असेल. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा. त्यात लिंबू पिळलं तर चालेल, मीठ वाढवलं तर चालणार नाही.

दुसरी, जेवण. सामन्याच्या अडीच-तीन तास आधी पोटभर जेवायचं. भात किंवा तांदळाची भाकरी, वरण, एखादं अंडं किंवा थोडा मासा, तेल कमी. मैदानाबाहेर वडापावची गाडी असते, मला माहीत आहे. तळलेलं पोटात फार वेळ राहतं. सामना झाल्यावर खा, आधी नको. आणि पोपटीचे दिवस आहेत. शनिवारी रात्री पोपटी लावायची असेल तर ज्या शनिवारी सामना नाही तेव्हा लावू, सगळे मिळून. वाल आणि कोंबडी पोटात घेऊन चढाईला जाता येत नाही.

आता सामना आठचा म्हणतात आणि साडेअकराला लागतो. हे होणारच. म्हणून पिशवीत केळी, चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू असतील. जेवून तीन तास उलटले आणि अजून नाव पुकारलं नाही, तर एक केळं किंवा दोन चिक्क्या. आपला सामना तासाभरात आहे असं कळलं की खायचं, मैदानात उतरताना नाही.

तिसरी, झोप. स्पर्धेच्या रात्री आपण घरी दोनला पोचतो आणि काहींना सकाळी सातची शिफ्ट असते. ती रात्र आपल्या हातात नाही. तिच्या आधीच्या चार-पाच रात्री आहेत. बुधवारपासून रोज अर्धा-पाऊण तास लवकर आडवं व्हायचं. मोठ्यांना किमान सात तास, अठराच्या आतल्यांना आठ ते दहा. शनिवारी दुपारी जमेल त्याने वीस-तीस मिनिटं डुलकी काढायची, गजर लावून. सरावाच्या आणि सामन्याच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर चहा नको. आणि रात्री साडेदहानंतर गटावर कुणी संदेश टाकायचा नाही. मीपण टाकणार नाही. सामन्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी बघू.

आता शेवटचं, आणि हे ऐकायचंच. वजनी गटात बसायला कुणीही पाणी तोडणार नाही. कुणी प्लास्टिक घालून पळणार नाही, कुणी थुंकत बसणार नाही, कुणी गोळ्या घेणार नाही. आज ज्याचं वजन गटापेक्षा दीड किलोच्या आत जास्त आहे त्याने मला आजच सांगावं, आपल्याकडे तीन आठवडे आहेत. त्याहून जास्त असेल तर तो खुल्या गटात खेळेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. अमेरिकेत १९९७ साली सव्वा महिन्याच्या आत कॉलेजचे तीन कुस्तीपटू असं वजन तोडताना मेले. विशीच्या आसपासची पोरं. आपल्या वाडीतलं कुणी मला त्या यादीत नको आहे. चला, उठा.’

हे असं का

पाणी चार तास आधी सुरू करण्याचं कारण एवढंच की शरीराला ते मुरवायला आणि जास्तीचं बाहेर टाकायला वेळ मिळतो. वजनाच्या प्रत्येक किलोला पाच ते सात मिली हे त्यामागचं माप आहे. ६० किलोच्या खेळाडूला ३०० ते ४२० मिली. मी दोन पेले म्हणतो कारण मैदानात मिली मोजत कुणी बसत नाही.

जलसंजीवनीचं माप मूळ जुलाबाच्या रुग्णासाठीचं आहे, पण घाम फार गेल्यावरही ते चालतं. चूक होते ती मापात. आमच्याकडे एकदा एकाने चमचा शीग भरून मीठ टाकलं आणि दोघांना मैदानातच ओकारी झाली. बाजारातलं ओआरएसचं पाकीट वापरत असाल तर त्यावर लिहिलेल्या पाण्यातच संपूर्ण पाकीट घाला. अर्ध्या पाण्यात घातलं की ते उलट त्रास देतं. ज्याला रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा त्रास आहे त्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. हे बोलताना जाहीर विचारू नका, नंतर बाजूला घेऊन विचारा.

झोपेबद्दल पोरं सगळ्यात जास्त हुज्जत घालतात, म्हणून एक उदाहरण जवळ ठेवा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. २०११ मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत त्यांची धाव वेगवान झाली आणि फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली. खेळाडू अकराच होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा त्याचा फार बाऊ करू नका. मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं ते असं की झोप एका रात्रीत भरून निघाली नाही, काही आठवडे लागले. म्हणून बोलणं तीन-चार आठवडे आधी.

तिसऱ्या शिफ्टवाल्याला ‘लवकर झोप’ सांगणं म्हणजे त्याला न सांगितल्यासारखंच आहे. त्याच्याशी वेगळं बसा. आमचा एक पकडपटू सकाळी सातला घरी येतो. तो यायचा, चहा प्यायचा, अकरापर्यंत इकडे-तिकडे करून मग झोपायचा, आणि एकला कुणीतरी हाक मारायचं. आम्ही त्याच्यासाठी एवढंच ठरवलं: आल्यावर चहाऐवजी न्याहारी, आठला आडवं, खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत, आणि दोनपर्यंत त्याला कुणी उठवायचं नाही हे घरात सांगून ठेवायचं. त्याची झोप पावणेसहा तासांपर्यंत आली. सात झाली नाही. पण सरावात पाय पकडताना तो जो अर्धा क्षण उशीर करायचा, तो कमी झाला, हे मला समोर दिसलं.

चहाचं म्हणाल तर कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या दोन कपांतलं निम्मं अकरालाही अंगात असतं.

वजनी गटाचा प्रश्न

नव्या कर्णधाराची खरी कसोटी इथे लागते, म्हणून यावर थोडं थांबतो. समजा, गट ६५ किलोचा आहे आणि तुमच्या चांगल्या चढाईपटूचं वजन ६६.२ आहे. स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. आठवड्याला साधारण अर्धा किलो या वेगाने तो सव्वा किलो ताकद न गमावता उतरवू शकतो. काय करायचं? भात-भाकरी बंद करायची नाही, त्यावरच तो सराव करतो. रोजचा वडापाव किंवा फरसाण, थंड पेयाची बाटली आणि रात्री उशिराचं दुसरं जेवण, यांतलं जे तो खातो ते बंद करायचं. अंडी, मासे, डाळ, उसळ तशीच ठेवायची. वजन रोज नाही, आठवड्यातून दोनदा, सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर बघायचं.

आमच्या त्या खेळाडूचं वजन पहिल्या आठवड्यात ६५.८, दुसऱ्यात ६५.३ आणि स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी ६४.८ झालं. पाणी न तोडता. संध्याकाळी वजन सकाळपेक्षा थोडं जास्त भरतं, म्हणून दोनशे ग्रॅमची सवड तशी कमीच होती. वजनाच्या दिवशी दुपारी त्याने नेहमीसारखं भात-वरण खाल्लं, पण ताट लहान, आणि पाणी थोडं थोडं घेतलं. काट्यावर ६४.९ आलं.

आणि नाही उतरलं तर? तर नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात शंभर ग्रॅमने बाहेर पडली. अख्खी रात्र प्रयत्न करून, सोबत तज्ज्ञ असताना. नंतर शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे तिला दवाखान्यात न्यावं लागलं. त्या पातळीवर, एवढी माणसं सोबत असताना जे जमलं नाही, ते गावच्या मैदानामागे प्लास्टिकचं जॅकेट घालून पळणाऱ्या पोराच्या जिवावर करायचं नाही. हे तुम्हाला आधी, शांतपणे सांगून ठेवायला हवं, कारण त्या संध्याकाळी संघातली मोठी माणसंच म्हणतील, ‘अरे, दोन तास पाणी नको पिऊ, होईल.’ तेव्हा नाही म्हणणारा कुणीतरी असावा लागतो, आणि तो कर्णधारच असतो. अठराच्या आतल्या मुलांचं वजन तर उतरवायचंच नाही. वाढीचं वय आहे, वजन ज्या गटात बसेल त्यात खेळवायचं.

बोलून झाल्यावर येणारे प्रश्न

‘प्रोटीन पावडर घेऊ का?’ हा पहिला. मी त्याला दिवसभरात काय खातो ते बोलायला लावतो. ६० किलोच्या खेळाडूला दिवसाला ८५ ते ९५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तीन अंडी म्हणजे १८, दोन पेले दूध १४, दोन वेळची डाळ मिळून १४, एक वाटी मटकीची किंवा वालाची उसळ १० च्या आसपास, मासळीचा एक चांगला तुकडा २०, आणि भात-भाकरीतून १५. झाले नव्वद. शाकाहारी असेल तर सोयाचे वडे, फुटाणे, शेंगदाणे आणि दही वाढवायचं. कमी कुठे पडतं ते बघून तेवढंच घालायचं. पावडरचा डबा एवढ्या पैशांत येत नाही.

उपवासाचं कुणीतरी विचारतंच, आणि ते आदराने ऐका. मार्गशीर्षातले गुरुवार आमच्या हंगामाच्या सुरुवातीलाच येतात. सराव त्या दिवशी हलका ठेवला तरी चालतो. साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा भगर, दूध, केळी आणि शेंगदाणे सोपे जातात. रोजे धरणारे सहकारी असतील तर सराव इफ्तारनंतर तासा-दीड तासाने ठेवा आणि इफ्तार ते सेहरी पाणी वाटून प्यायला सांगा, एकदम नाही.

‘जास्त पाणी प्यायलं तर काय होतं?’ हा प्रश्न क्वचित येतो, पण उत्तर तयार असू द्या. सरावानंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर तो गरजेपेक्षा जास्त प्यायला. नुसतं पाणी फार प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. अशा वेळी आणखी पाणी द्यायचं नाही.

पोटरीत गोळा आला तर आधी पाय हळूहळू ताणायचा, मग घोट घोट जलसंजीवनी. गोळा पाण्यामुळेच येतो असं नाही, स्नायू थकल्यानेही येतो, म्हणून नुसतं मीठ चाटून तो बसेल असं धरून चालू नका. आणि एक लक्षण कुठल्याही प्रश्नाची वाट न बघता सगळ्यांना सांगून ठेवा. खेळाडू असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग तापलेलं असेल, तर खेळ लगेच थांबवायचा. सावलीत न्यायचं, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा काटा

बोलणं लागू पडलं का हे विचारून कळत नाही, मोजून कळतं. पंधरा दिवसांनी तोच सराव, तीच वेळ, तोच काटा. आमचा ६४.२ किलोचा खेळाडू आठवत असेल. त्याच्या बाटलीवर आम्ही निळी चिकटपट्टी लावली होती, प्रत्येक विश्रांतीला पाणी त्या खुणेपर्यंत उतरायला हवं. पुन्हा मोजलं तेव्हा घाम तेवढाच होता, १.८ लिटरच्या आसपास, पण आता तो १.१ लिटर प्यायला होता. घट सातशे ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर. अजून प्यायला सांगितलं तर त्याचं पोट डचमळायला लागायचं, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. सरावानंतर जेवढं घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे त्याच्या बाबतीत नऊशे मिली ते एक लिटर, झोपेपर्यंत थोडं थोडं आणि जेवणासोबत.

ज्याचा आकडा हललाच नसेल त्याला रागावू नका, बाटली बघा. बहुतेक वेळा ती बाटली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चपलांजवळ पडलेली असते. आम्ही आता सगळ्या बाटल्या एका क्रेटमध्ये मध्यरेषेच्या बाहेर ठेवतो आणि स्पर्धेला जाताना तोच क्रेट टेम्पोत चढवतो. त्यात सोबत साखर-मिठाच्या मोजून बांधलेल्या पुड्या, एक चहाचा चमचा, दोन डझन केळी, चिक्की, टॉवेल आणि काटा. काट्याचे जादा सेलही घ्या. पेणजवळच्या एका स्पर्धेत ते नेमके रात्री एकला संपले होते.